एक गाडी, तीन खुर्च्या

सीताबर्डीत, व्हरायटी चौकाच्या मागच्या गल्लीत, एका साडीच्या दुकानावर शोभाताई लांजेवारांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक टेबल, दोन फोन, पंखा आणि भिंतीवर चार गाड्यांच्या चाव्यांचे चार खिळे. तिथं बसून त्या गेली चौदा वर्षं लोकांना नागपुरातून बाहेर पाठवतात आणि परत आणतात. स्वतः मात्र त्या रामटेकच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. गाडीत बसलं की त्यांना मळमळतं.

त्याआधी त्यांचा एसटीडी-पीसीओ होता. लोक फोन करायला यायचे आणि जाता जाता विचारायचे, "बाई, एखादी जीप मिळेल का जी उद्या?" बाईंनी दोन-चार जीपवाल्यांचे नंबर वहीत लिहून ठेवले. मोबाइल आले, बूथ बंद पडला, वही तेवढी उरली. पुढं त्या वहीच्याच जोरावर पहिली गाडी आली.

नवीन धंद्यात पहिल्याच महिन्यात एका लग्नघरानं "पाच वाजता गाडी पाठवा" म्हणून सांगितलं. ड्रायव्हर पहाटे पाचला दारात उभा. लग्नघराला हवी होती संध्याकाळी. दुसऱ्या एकानं "सामान काही खास नाही" म्हटलं आणि शिलाई मशीन घेऊन आला, शिवाय मोजणीत न धरलेली सासू. तेव्हापासून शोभाताईंनी चार प्रश्न ठरवले. वेळ, सामान, थांबे, पैसे. आदल्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता फोन करून त्या चारही प्रश्न विचारणार म्हणजे विचारणार. सकाळी अकराची गाडी असली तरी "सकाळचे अकरा ना जी?" हे विचारणार. लोक हसायचे, पण गाडी बरोबर यायची.

त्या आठवड्यात सोमवारी गणपतरावांचा फोन आला. काटोलच्या पुढच्या एका गावात त्यांचा संत्र्याचा बगिचा. वडील बाबाराव, वय ब्याऐंशी, बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीच्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं होतं. गुरुवारी सुट्टी होणार होती.

"सात सीटची गाडी पाहिजे," गणपतराव म्हणाले. "गुरुवारी दहाले. दवाखान्यातून थेट गावाले."

"तीन हजार दोनशे पडतील. डिझेल त्यातच, गाडी रिकामी परत येण्याचं भाडंही त्यातच. टोल, पार्किंग वेगळं. एक तास थांबणं फुकट, पुढं तासाले दीडशे. एक हजार एडव्हान्स पाठवा."

हजार रुपये लगेच आले. शोभाताईंनी वहीत लिहिलं, गाडी आणि ड्रायव्हर प्रशिक यांच्या नावापुढं खूण केली आणि विषय संपला असं त्यांना वाटलं.

मंगळवारी दुसराच फोन आला. "बाबारावची गाडी तुमच्याकडेच आहे ना? मी पुंडलिक. लहाना मुलगा. लकडगंजात माझा प्लायवूडचा धंदा आहे."

"हो, तुमच्या भावानं बुक केली."

मग पुंडलिकभाऊ म्हणाले, "त्यायचं नाव घेऊ नका. मी बाबासाठी बोलून राहिलो. एक हजार पाठवतो."

"एडव्हान्स आला आहे जी."

"त्यायचा आला असेल. माझा नाही आला ना?"

आणि आला. शोभाताई फोनकडं बघतच राहिल्या. चौदा वर्षांत लोकांनी एडव्हान्स बुडवला होता, उशिरा दिला होता, अर्धा दिला होता. न मागता दुसऱ्यांदा कोणी दिला नव्हता.

बुधवारी दुपारी इंदुताईंचा फोन. त्या भावंडांत मधल्या, वर्ध्याला दिलेल्या. बोलायला गोड. त्यांनी आधी शोभाताईंच्या तब्येतीची चौकशी केली, मग म्हणाल्या, "ताई, मुलीचा हक्क असतो की नाही वं?" आणि तिसरे हजार रुपये पाठवले.

संध्याकाळचे सहा वाजले. शोभाताई पाणी प्यायल्या, त्यांनी वही उघडली आणि गणपतरावांना फोन लावला.

"उद्या गुरुवार, सकाळचे दहा. बरोबर?"

"बरोबर."

"सामान?"

"बाबाची एक पिशवी. आणि एक खुर्ची."

"कसली खुर्ची?"

गणपतरावांनी आवाज खाली आणला. "ती संडासाची. मधात भोक असते ती. डॉक्टरनं सांगितलं, खाली बसायचं नाही."

"थांबे?"

"कुठंच नाही. सरळ घरी."

हे सगळं शोभाताईंनी लिहून घेतलं. एडव्हान्स दिला म्हणजे तोही गिऱ्हाईक, या हिशेबानं त्यांनी पुंडलिकभाऊंनाही फोन लावला.

"दहा नाही, नऊ," पुंडलिकभाऊ म्हणाले. "ते दहाले येतील. त्याच्या आधी निघू."

"सामान?"

"एक खुर्ची. कमोडवाली."

"तीच ना? आत्ताच लिहिली."

"हो, तीच," पुंडलिकभाऊ म्हणाले, कारण त्यांना वाटलं शोभाताईंनी आपलीच लिहिली. शोभाताईंना वाटलं एकच खुर्ची आहे. इथं त्या पहिल्यांदा चुकल्या.

"थांबे?"

"एकच. लकडगंजात माझ्या घरी. बाबा चहा घेतील."

"किती वेळ? थांबण्याचे पैसे लागतात म्हणून विचारते."

पुंडलिकभाऊंनी विचार केला. "तीन महिने," ते म्हणाले.

शोभाताईंनी पेन खाली ठेवला.

इंदुताईंनी वेळ साडेआठ सांगितली, सामान "एक छोटीशी खुर्ची, चाकं असलेली," आणि थांबा वर्धा. वर्धा नैर्ऋत्येला पंचाहत्तर किलोमीटर, काटोल वायव्येला, अगदी वेगळ्याच रस्त्यावर. त्यांच्या मते गाडीनं आधी वर्ध्याला जावं, बाबांना उतरवावं, मग बाकीच्यांनी आपापल्या गावी खुशाल जावं. "दादाले सांगू नका वं," त्या म्हणाल्या. "तसंही तो माझ्याशी बोलत नाही."

"काहून बोलत नाही?" शोभाताईंनी विचारलं. चार प्रश्नांच्या बाहेरचा हा पाचवा होता. पण राहवलं नाही.

तेव्हा कळलं. दोन वर्षांपूर्वी गणपतरावांच्या मुलाच्या, अंकितच्या, लग्नाची पत्रिका छापली. तिच्यात पुंडलिकभाऊंचं नाव अंकितच्या मामाच्या खाली आलं आणि इंदुताईंच्या नवऱ्याचं नाव आलंच नाही. गणपतराव म्हणाले प्रेसवाल्याची चूक. पुंडलिकभाऊ म्हणाले प्रूफ कोणी वाचलं? इंदुताई पुंडलिकभाऊंवरही रागावल्या, कारण त्यांचं नाव निदान खाली का होईना होतं, आणि तरी ते आपल्यापेक्षा जास्त ओरडले. तेव्हापासून तिघांचं तीन दिशांना तोंड. दवाखान्यातही पाळ्या लावलेल्या. सकाळी गणपतराव, दुपारी इंदुताई, संध्याकाळी पुंडलिकभाऊ. एक आला की दुसरा मागच्या जिन्यानं उतरायचा. पाळ्यांचा कागद बाबारावांच्या उशीखाली ठेवलेला असे, म्हणजे प्रत्येकाला बाकीच्यांना न विचारता तो बघता येई.

शोभाताईंनी वहीकडं पाहिलं. एक गाडी. तीन वेळा. तीन मुक्काम. तीन हजार एडव्हान्स. दुसरा कोणी असता तर बुकिंग रद्द करून तिघांचे पैसे तिघांना परत केले असते. शोभाताईंनी तेही करून पाहिलं. प्रत्येकानं एकच उत्तर दिलं. "माझे कशाले परत करता? त्यायचे करा."

मग त्यांच्या ध्यानात आलं की चौदा वर्षांत त्यांनी चार प्रश्न नेहमी गाडी बुक करणाऱ्याला विचारले. गाडीत बसणाऱ्याला कधी विचारलेच नव्हते.

त्यांनी ऑफिसला कुलूप लावलं आणि ऑटोनं धंतोली गाठली. पुंडलिकभाऊंची पाळी साडेसातला संपत होती. आठ वाजता शोभाताई दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिरल्या. बाबाराव उशीला टेकून बसले होते. बारीक अंग, मोठे कान, डोळे मात्र लख्ख.

"मी गाडीवाली," शोभाताई म्हणाल्या. "उद्याचं कन्फर्म करायचं होतं."

"कोणाच्या गाडीवाली?" बाबारावांनी विचारलं. "मोठ्याच्या, लहान्याच्या की पोरीच्या?"

"तिघांचीही एकच आहे जी."

बाबाराव हसायला लागले. हसताना खुबा दुखायचा म्हणून हातानं धरून हसले. नर्स डोकावून गेली.

"बसा," ते म्हणाले. "विचारा काय विचारायचं ते."

"वेळ?"

"डॉक्टर दहाले येते. मग कार्ड लिहिते. मग बिल. मग ते उरलेल्या औषधीचे पैसे वापस करते, त्याले लय वेळ लागते. बारा लिहा."

शोभाताईंनी मनात एक वाजता असं लिहिलं. धंतोलीतली सुट्टी त्यांना पाठ होती.

"थांबे?"

"कळमेश्वरले चहा. बाकी कुठंच नाही. मले माझ्या घरी जायचं आहे. बगिच्याले पाणी कोण देऊन राहिलं, काही पत्ता नाही."

"सामान?"

"एक पिशवी," बाबाराव म्हणाले. "आणि तीन खुर्च्या."

शोभाताईंचा पेन थांबला. "तीन?"

"तिघायनं एक एक आणली. एक पलंगाखाली, एक त्या बाथरूमात, आणि चाकंवाली खाली वॉचमनकडे. कोणी कोणाले सांगितलं नाही. मी पण नाही सांगितलं."

शोभाताईंनी हिशेब मांडला. आता हा त्यांच्या हक्काचा विषय होता. "बाबाजी, तुम्ही समोर बसाल. सीट मागं सरकवून थोडी आडवी करावी लागेल, म्हणजे खुब्याले त्रास नाही होत. मधल्या सीटवर तिघं मावतात. सगळ्यात मागं दोघं. पण खुर्च्या न्यायच्या तर मागची सीट पाडावी लागेल. वर कॅरिअर नाही. होता, पण तो वाऱ्यानं शिट्टी वाजवायचा, काढून टाकला. तर खुर्च्या दोन सोडा. गावात एक पुरे."

"खुर्च्या सोडल्या तर मागची सीट राहील?"

"राहील."

"मग एक जण मागं जाऊन बसेल?"

"बसेलच."

बाबारावांनी शांतपणे विचारलं, "आणि नाही सोडल्या तर?"

शोभाताईंना समजलं. "तर तिघं मधल्या सीटवर," त्या म्हणाल्या. "दोन तास. मांडीले मांडी लावून."

"तीन खुर्च्या लिहा," बाबाराव म्हणाले.

त्या रात्री तिघांना एकच मेसेज गेला. "उद्या गुरुवार. गाडी दुपारी बारा, दवाखान्याच्या गेटवर. ड्रायव्हर प्रशिक. पॅसेंजर श्री. बाबाराव आणि सोबत तीन. सामान एक पिशवी, तीन खुर्च्या. थांबा कळमेश्वर, चहा. मुक्काम काटोलच्या पुढे, बाबारावांचं घर. एकूण ३२००, जमा ३०००, बाकी २००. टोल, पार्किंग, वेटिंग वेगळं. पॅसेंजरकडून कन्फर्म." पाच मिनिटांत तीन फोन आले. तिघांनाही त्यांनी तेच सांगितलं, "पॅसेंजरनं सांगितलं जी. बदल करायचा तर त्यायले विचारा." विचारायला कोणी गेलं नाही. रात्रीची पाळी कोणाचीच नव्हती.

गुरुवारी शोभाताई स्वतः गेटवर आल्या. प्रशिकनं गाडी यशवंत स्टेडियमकडं लावून ठेवली होती, कारण धंतोलीच्या त्या रस्त्यावर उभं राहायला स्कूटरलाही जागा नसते. बारा वाजले, एक वाजला. औषधांच्या खिडकीवर तिन्ही भावंडं एकाच रांगेत उभी होती आणि तिघांमध्ये दोन दोन अनोळखी माणसं राहतील याची काळजी घेत होती. अनोळखी माणूस पुढं सरकला की इंदुताई एखाद्या नव्याला पुढं घेऊन म्हणायच्या, "या जी, तुम्ही या आधी." त्यामुळं रांग तासभर जागची हलली नाही.

पावणेदोनला बाबाराव व्हीलचेअरवरून खाली आले. मागोमाग खुर्च्या. एक वॉर्डबॉयच्या डोक्यावर, एक प्रशिकच्या खांद्यावर, तिसरी आपली आपण चाकांवर. गेटवर तिन्ही एका ओळीत ठेवल्या तेव्हा येणारेजाणारे थांबून बघायला लागले. एका बाईंना वाटलं फुकट वाटप आहे. त्या चाकंवालीजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"ही माझी," गणपतराव म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही.

"ही माझी," पुंडलिकभाऊ हवेत बोलले.

"एक घरी घेऊन जाते मी," इंदुताई आकाशाकडं बघून म्हणाल्या.

बाबाराव समोरच्या सीटवर आडवे होत होते. प्रशिकनं पाठीला उशी दिली. तिथूनच ते म्हणाले, "बुकिंगात तीन आहेत. तीनही भरा."

प्रशिकनं मागची सीट पाडली. खुर्च्या आत बसवायला वीस मिनिटं लागली. चाकंवालीचा एक पाय शेवटपर्यंत मधल्या सीटच्या डोक्यावरून पुढं आला आणि तिथंच राहिला. म्हणून मधली जागा अशी झाली की तिथं बसणाऱ्यानं मान एका बाजूला वाकवूनच बसायला हवं. कोण मधे बसणार? दोघा भावांनी एकेक दार धरलं. इंदुताई उभ्याच. मग त्यांनी पदर खोचला आणि मधे शिरल्या. मान पुंडलिकभाऊंच्या खांद्यावर गेली, इंदुताईंनी ती हलवून गणपतरावांकडं नेली, आणि गाडी निघाली.

शोभाताई ऑफिसला आल्या. डबा उघडला. पावणेतीनला प्रशिकचा फोन आला. "ताई, फेटरी गाव गेलं. कोणी बोलून नाही राहिलं. फक्त इंदुताई म्हणते एसी कमी कर, गणपतराव म्हणते वाढव."

"एकमेकांशी म्हणतात?"

"मले म्हणते. मी कमी करतो, मग वाढवतो."

पुढचा फोन वीस मिनिटांनी. फोन कानाला लावण्याआधीच आरडाओरडा ऐकू आला. "ताई, पत्रिका निघाली," प्रशिक दबक्या आवाजात म्हणाला. "इंदुताईच्या मोबाइलात फोटो होता. तिघं वाचून राहिले."

"आणि बाबाजी?"

"झोपले. म्हणजे डोळे बंद आहेत."

मागून गणपतरावांचा आवाज आला, "प्रूफ मी वाचलंच नाही, गा! तूच म्हटलं होतं मी वाचतो!" मग पुंडलिकभाऊ, "मी? मी कधी?" मग इंदुताई, मान वाकडी असल्यामुळं दबलेल्या आवाजात, "तूच म्हटलं होतं, मी ऐकलं होतं, आणि वाचलं नाही!" मग सगळे एकदम. शोभाताईंनी प्रशिकला गाडी हळू चालवायला सांगितलं आणि फोन ठेवला.

कळमेश्वरला चहाचा थांबा पंधरा मिनिटांचा होता, पाऊण तास चालला. नंतर फोन आलाच नाही. शोभाताई तीनदा लावणार होत्या, तीनदा थांबल्या. पाच वाजता त्यांचा फोन वाजला. गणपतरावांचा नंबर. उचलला तर तिघांचाही आवाज एकदम, स्पीकरवर.

"हे वेटिंग साडेचारशे कसं लागलं?" गणपतराव म्हणाले.

"पावणेदोनले तर बाबा गेटवर आले," पुंडलिकभाऊ म्हणाले. "एक तास फुकट होता. उरला पाऊण तास. तीन तास कुठून आणले?"

"गाडी गेटवरून निघाली सव्वादोनले," शोभाताई म्हणाल्या. "तो एक तास आणि पाव. पाव सोडला, एकच तास धरला. कळमेश्वरले पंधरा मिनिट होते, पाऊण तास झाला. अर्ध्याचा पूर्ण तास धरतो."

"मग दोन झाले," इंदुताई म्हणाल्या. "तिसरा?"

शोभाताईंनी बोटांवर मोजलं. तिसरा सापडेना. प्रशिकनं घाईत एक जास्त लावला होता.

"आणि बसायची सीट काय होती ती?" इंदुताईंना जोर चढला. "माझी मान अजून सरळ नाही झाली. खुर्च्यायसाठी आमाले कोंबलं!"

"बुकिंगात तीन खुर्च्या होत्या जी."

"कोणी लिहिल्या?"

शोभाताईंनी वही मिटली. पलीकडून म्हाताऱ्याचा खोकला ऐकू आला, मुद्दाम खोकावा तसा. "चूक झाली," शोभाताई म्हणाल्या. "वेटिंगचे तीनशेच द्या."

"दीडशे," तिन्ही भावंडं एकदम म्हणाली.

चौदा वर्षांत शोभाताईंनी वेटिंग कधी सोडलं नव्हतं. "बरं, दीडशे," त्या म्हणाल्या. पलीकडं तिघांनी जिंकल्यासारखा आवाज काढला. पुंडलिकभाऊ कोणाला तरी म्हणाले, "पाहिलं दादा, असं बोलावं लागते या लोकायशी." तेवढ्यात फोन कट झाला.

बाकीचे दोनशे, वर दीडशे आणि पार्किंग बाबारावांनी प्रशिकला रोख दिलं. शिवाय शंभर वेगळे, "ड्रायव्हरले" म्हणून. तिघांपैकी कोणालाही त्यांनी पाकिटाला हात लावू दिला नाही.

पत्रिकेचं भांडण मिटलं असं म्हणता येणार नाही. पुंडलिकभाऊ त्या रात्री गावीच राहिले, पण सकाळी न सांगता निघून गेले. इंदुताई आठ दिवस राहिल्या आणि वहिनीशी भांडून वर्ध्याला परत गेल्या. तरी बाबारावांच्या तब्येतीवरून रोज संध्याकाळी तिघांचा फोन व्हायला लागला. औषध कोणतं, चालले का, जेवले का, यावरून वाद घालायलाही बोलावं लागतंच.

दीड महिन्यानं तपासणीची तारीख आली. या वेळी एकच फोन आला, खुद्द बाबारावांचा.

"गुरुवारी सकाळचे सात," त्यांनी न विचारताच सांगितलं. "सामान काही नाही. एक वॉकर. थांबा, परत जाताना सीताबर्डीले अर्धा तास, मले चष्मा घ्यायचा आहे. पैसे मी देईन."

"सोबत कोण जी?"

"तेच विचारायचं होतं," बाबाराव म्हणाले. "लहानी गाडी सांगता का? समोर मी, मागं तिघं. त्याहून मोठी नको."

शोभाताईंनी डिझायर लिहिली आणि प्रशिकला हाक मारून वेळ सांगितली.